शिक्षक गेल्यावर पोस्ट कशी लिहावी? एका श्रद्धांजलीचं पुनर्लेखन, ओळीओळीने

सकाळी उठून फोन हातात घ्यावा आणि शाळेच्या ग्रुपवर पहिलाच मेसेज दिसावा : 'आपल्या बाई गेल्या.' पुढच्या तासाभरात ग्रुप हात जोडलेल्या इमोजींनी भरून जातो. मग कोणीतरी म्हणतं, 'तू लिही ना काहीतरी, फेसबुकवर टाकू.' आपण लिहायला बसतो आणि हाताशी येतात ते शब्द आधीपासून तयार असलेले : भावपूर्ण श्रद्धांजली, काळाचा घाला, न भरून निघणारी पोकळी.

हे शब्द खोटे नसतात. दुःख खरंच असतं. पण संध्याकाळी बाईंचा मुलगा किंवा मुलगी फोन उघडते तेव्हा तिला एकसारखी वाक्यं दिसतात. त्यातून तिला आपली आई शाळेत कशी होती, हे कळत नाही. शाळेतली आई तिने फारशी पाहिलेलीच नसते. ती फक्त विद्यार्थ्यांनी पाहिलेली असते. आपल्या पोस्टमधून तिला मिळण्यासारखं असं हेच एक आहे.

म्हणून आठवणी नेमक्या हव्यात. पण नेमकं लिहायला लागलं की दुसरी अडचण येते. नेमक्या आठवणीत बाईंबरोबर इतर माणसंही येतात, कोणाची गरिबी येते, कोणाचा अपमान येतो, आजारपण येतं. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा सांभाळायच्या, ते आपण एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण अशा पोस्ट तुम्ही नक्कीच वाचल्या असतील.

पहिला खर्डा

तालुक्याच्या गावातली माध्यमिक शाळा. गणिताच्या बाई गेल्या आहेत. १९९८ साली दहावी झालेल्या तुकडीतल्या एकाने हे लिहिलं :

'भावपूर्ण श्रद्धांजली! आमच्या लाडक्या बाई आज आपल्यात नाहीत यावर विश्वासच बसत नाही. क्रूर काळाने घाला घातला. बाई म्हणजे ज्ञानाचा अखंड झरा. शिस्तप्रिय, पण तितक्याच प्रेमळ. ज्ञानदानाचं पवित्र कार्य करत त्यांनी अनेक पिढ्या घडवल्या. गरीब विद्यार्थ्यांना नेहमीच मदतीचा हात दिला. शेवटच्या दिवसांत त्यांनी खूप यातना भोगल्या, पण चेहऱ्यावरचं हसू मावळलं नाही. आज मी मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे तो केवळ त्यांच्यामुळे. त्यांच्या जाण्याने कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.'

यात चुकीचं म्हणावं असं एकही वाक्य नाही. पण एक चाचणी करून बघा. 'बाई'च्या जागी 'सर' लिहा आणि गणिताऐवजी इतिहासाचे किंवा पीटीचे सर आहेत असं समजा. पोस्टमधलं एकही वाक्य बदलावं लागत नाही. जे वाक्य कोणत्याही शिक्षकाला चालतं, ते या बाईंबद्दल काहीच सांगत नसतं. या खर्ड्यात अशी वाक्यं खोडत गेलो तर फक्त तीन जागा उरतात, जिथे काहीतरी खरं घडलेलं असावं : शिस्त, मुलांना केलेली मदत, आणि लिहिणाऱ्याच्या आयुष्यावर झालेला परिणाम. बाकी सगळं सोडून द्यायचं आणि या तीन जागा खणायच्या.

'कशा होत्या?' हा प्रश्न विचारू नका

'बाई कशा होत्या?' असं स्वतःला विचारलं की उत्तरात विशेषणच येतं. प्रेमळ होत्या, शिस्तप्रिय होत्या, मनमिळाऊ होत्या. विशेषण म्हणजे आपण काढलेला निष्कर्ष. ज्यावरून तो काढला ते आपण वाचणाऱ्याला दाखवतच नाही. त्याऐवजी प्रश्न 'काय करायच्या?' असा विचारा. वर्गात आल्यावर पहिली गोष्ट काय करायच्या? हातात काय असायचं? उत्तर चुकलं की काय म्हणायच्या? उशिरा आलेल्या मुलाचं काय व्हायचं? शाळा सुटल्यावर कुठे दिसायच्या?

आपल्या लेखकाने हे प्रश्न घेतले, तेव्हा त्याला एक गोष्ट आठवली. बाई चुकलेल्या गणितावर काट मारत नसत. वहीत जिथे चूक सुरू झाली असेल त्या ओळीशेजारी समासात एक ठिपका देत आणि वही परत करत. 'ठिपक्यापर्यंत बरोबर आहे,' एवढंच म्हणत. पुढचं आपण शोधायचं.

ही एक आठवण 'ज्ञानाचा अखंड झरा'पेक्षा कितीतरी जास्त सांगते. ज्याने गणिताच्या वहीवर लाल फुल्या पाहिल्या आहेत, त्याला ठिपक्याचं मोल लगेच कळतं. बाईंना मुलांबद्दल आदर होता, त्या प्रत्येक वही ओळीओळीने तपासत होत्या, आणि उत्तरापेक्षा रीत महत्त्वाची मानत होत्या, हे सगळं त्यात आलं. यातलं काहीही वेगळं लिहायची गरज उरली नाही.

'शिस्तप्रिय' या शब्दाखालीही असंच काही सापडलं. घंटा झाली की बाई दार लोटून घेत. उशिरा आलेल्याला त्या बाहेर उभं करत नसत, पण फळ्यावर अर्धवट असलेलं गणित त्यालाच पुढे सोडवायला लागे. त्यामुळे गणिताच्या तासाला कोणी उशीर करत नसे. 'शिस्तप्रिय, पण तितक्याच प्रेमळ' हे जोडवाक्य जवळजवळ प्रत्येक श्रद्धांजलीत असतं. इथे दोन्ही गुण एकाच कृतीत दिसतात आणि त्यांची नावंही घ्यावी लागत नाहीत.

मराठी वाचकाला हे नवीन नाही. 'व्यक्ती आणि वल्ली'मधले चितळे मास्तर आठवतात ते त्यांच्या गुणांच्या यादीमुळे नाही. त्यांच्या झिजलेल्या वहाणा आठवतात.

आठवण तपासून घ्या

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्याला वाटते तितकी पक्की आठवत नसते. आपल्या लेखकाला ठिपका हिरव्या पेनाचा आठवत होता. वर्गातल्या दोघींना विचारलं तेव्हा दोघींनी लाल सांगितला. एकीकडे जुनी वही निघाली, ठिपका लाल होता. रंग तसा किरकोळ, पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या दृष्टीने चुकीचा रंग लिहिणं म्हणजे सगळीच आठवण बनावट वाटणं.

जे तपासता येत नाही, ते थोडं सैल लिहावं. सकाळचा जादा तास नऊला भरायचा की साडेनऊला, यावर ग्रुपमध्ये एकमत झालं नाही. 'शाळा भरायच्या तासभर आधी' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. नोकरीची वर्षं, निवृत्तीचं साल, वय, मिळालेले पुरस्कार हे मात्र अंदाजाने लिहू नये. शाळेच्या कार्यालयातून किंवा घरच्यांकडून कळलं तर लिहावं, नाहीतर 'आम्हाला आठवी ते दहावी गणित शिकवलं' एवढं आपल्याला नक्की माहीत असतं. तेवढं पुरतं.

बाईंच्या तोंडी घालायच्या वाक्याबद्दल विशेष जपावं. शब्द आठवत असतील तरच अवतरणचिन्हं द्यावीत. बाई तीन वर्षं रोज म्हणायच्या ते वाक्य सगळ्यांना आठवतं. एकदाच झालेलं लांबलचक बोलणं मात्र आपण बहुधा नंतर रचलेलं असतं. ते आपल्या शब्दांत सांगावं.

आणि पोस्ट टाकण्याआधी बातमी खरी आहे ना, घरच्यांनी ती जाहीर केली आहे ना, हे त्यांच्या जवळच्या माणसाकडून खात्री करून घ्यावं. परगावी असलेल्या नातवाला आजी गेल्याचं फेसबुकवरून कळू नये.

या आठवणीत उघडं कोण पडतं?

आता अवघड भाग. 'गरीब विद्यार्थ्यांना मदतीचा हात दिला' या वाक्याखाली खरी गोष्ट होती. वर्गातल्या एका मित्राची दहावीच्या परीक्षेची फी बाईंनी भरली होती. लेखकाला ती ठाऊक होती आणि पोस्टमध्ये घालायला याहून हृद्य प्रसंग दुसरा नव्हता.

त्याने मित्राला फोन केला. मित्र म्हणाला, 'बाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं. तूही लिहू नकोस.'

प्रसंग गेला. हे बरोबरच झालं. ती गोष्ट बाईंची होती तितकीच त्या मित्राचीही होती. त्याच्या मुलांनी, सासरच्यांनी, ऑफिसमधल्या लोकांनी ती वाचायची की नाही, हे त्यालाच ठरवायला हवं. नाव न लिहिता लिहिलं तरी चाळीस जणांच्या वर्गात ओळखायला वेळ लागत नाही. शिवाय बाईंनी ते गुपचूप केलं यातच त्यांचं मोठेपण होतं. आपण ते जाहीर करून त्यांनी पंचवीस वर्षं जपलेली गोष्ट मोडतो. मित्र 'लिही' म्हणाला असता तर लिहायला हरकत नव्हती. त्याहून चांगलं म्हणजे त्यानेच स्वतः, त्याच्या शब्दांत लिहिणं.

मग मदतीबद्दल काय लिहायचं? तिथे सकाळचा तास कामी आला. गणितात मागे पडलेल्या सात-आठ मुलांना बाई शाळा भरायच्या आधी व्हरांड्यात बसवून शिकवत. त्याचे पैसे घेत नसत. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या तासाला त्या कधीही 'कच्च्या मुलांचा तास' म्हणाल्या नाहीत. 'लवकरचा तास' म्हणायच्या. लेखक स्वतः त्या तासाला बसत होता, त्यामुळे हे लिहिताना दुसरं कोणी उघडं पडत नाही. स्वतःची फजिती सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

हाच प्रश्न आणखी तीन ठिकाणी विचारावा लागतो.

आजारपण. 'खूप यातना भोगल्या' हे वाक्य घरच्यांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे. त्यांना ते पुन्हा वाचायला लावू नये. आजाराचं नाव, दवाखान्यातली भेट, तिथला फोटो हे सगळं विद्यार्थ्याने सांगायचं नसतं. फोटो लावायचा तर वर्गातला, स्नेहसंमेलनातला किंवा घरच्यांनी दिलेला लावावा.

टोपणनाव. या बाईंना मुलं मागून 'ठिपकाबाई' म्हणत. नाव प्रेमाचं होतं, पण बाईंना ते माहीत होतं का, आवडत होतं का, हे कोणालाच सांगता आलं नाही. जे नाव त्यांच्यासमोर कधी उच्चारलं नाही, ते त्यांच्या श्रद्धांजलीत नको. म्हणून ते गाळलं. एखाद्या सरांना स्वतःचं टोपणनाव ठाऊक असेल आणि ते त्यावर हसत असतील, तर तेच नाव पोस्टमध्ये घालता येतं.

मार. आपल्याकडच्या पोस्टमध्ये 'सरांच्या छड्या खाल्ल्या म्हणून आज माणूस झालो' हे हटकून येतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ने शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्याला त्या छड्यांनी शाळाच सोडावीशी वाटली, असा एखादा वर्गमित्र ही पोस्ट वाचत असतो. शिवाय छडीचं कौतुक केलं की शिक्षकाचं शिकवणं मागे पडतं आणि हातातली काठी तेवढी लक्षात राहते. कडक शिक्षकाबद्दल लिहायचंच असेल, तर ते ज्या गोष्टीचा आग्रह धरत ती गोष्ट लिहावी.

शब्दांची निवड

मराठीत मृत्यूसाठी बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. 'बाई गेल्या' हे साधं आणि जवळचं. 'निधन झालं' हे बातमीचं, आदराचं. 'मयत' हा पोलिसांच्या आणि कचेरीच्या कागदावरचा शब्द, तो इथे नको. 'एक्स्पायर झाल्या' हे बोलण्यात चालून जातं, पण लिहिलं की औषधाची बाटली डोळ्यांपुढे येते. 'दुःखद निधन' यातलं दुःखद न लिहिताही कळतं.

नावाआधी 'कै.' लावताना थांबावं. कैलासवासी हा हिंदू कल्पनेतून आलेला शब्द आहे. शिक्षक ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध असतील किंवा देव न मानणारे असतील, तर 'दिवंगत' हा शब्द सगळ्यांना चालतो. 'ईश्वर आत्म्यास शांती देवो' याचंही तेच. आपली श्रद्धा त्यांच्या नावावर लिहू नये.

'श्रद्धांजली' निधनानंतर वाहतात. पुढे दरवर्षीच्या स्मृतिदिनाला 'आदरांजली' किंवा 'विनम्र अभिवादन' जास्त शोभतं. आणि लिहिताना आधी द, मग ध : श्रद्धांजली. 'श्रध्दांजली' ही चूक इतकी सर्रास होते की मोठ्या अक्षरांतल्या फलकांवरही दिसते. मराठीच्या शिक्षकांबद्दल लिहीत असाल तर ती विशेष खटकेल.

शेवटी, बाईंशी बोलायचं की बाईंबद्दल? 'बाई, तुम्ही का गेलात' असं लिहिलं की पोस्ट लिहिणाऱ्याच्या हुंदक्याची होते आणि वाचणारा अवघडतो. 'त्या' असं लिहिलं की वाचणाऱ्याला बाई दिसतात.

'मी' किती असावा?

'आज मी मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे तो केवळ त्यांच्यामुळे' या वाक्यात कृतज्ञता आहे, पण वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो मॅनेजर. शिवाय जो मॅनेजर झाला नाही, त्याला बाईंनी काहीच दिलं नाही का, असाही प्रश्न उरतो. लेखकाने स्वतःला विचारलं : बाईंचं काय माझ्या हाताला लागलं आहे? तो कंपनीत हिशेबाचं काम पाहतो. ताळेबंद जुळला नाही की तो सगळं खोडून पुन्हा सुरू करत नाही. कुठपर्यंत बरोबर आहे ते आधी बघतो. हे त्याला लिहायला घेईपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. पद गेलं आणि सवय आली. या 'मी'मधून पुन्हा बाईच दिसतात.

नवी पोस्ट

फेसबुकवर लांब पोस्टच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकी मजकूर दुमडला जातो. म्हणून कोण गेलं आणि त्या आपल्या कोण होत्या, हे सुरुवातीलाच हवं. खऱ्या पोस्टमध्ये इथे बाईंचं आणि शाळेचं पूर्ण नाव येईल.

'आमच्या गणिताच्या बाई काल पहाटे गेल्या. आमच्या शाळेत त्यांनी आम्हाला आठवी ते दहावी गणित शिकवलं. आम्ही १९९८च्या दहावीचे.

बाई चुकलेल्या गणितावर काट मारत नसत. जिथे चूक सुरू व्हायची त्या ओळीशेजारी लाल पेनाचा एक ठिपका द्यायच्या. "ठिपक्यापर्यंत बरोबर आहे," एवढंच म्हणून वही परत करायच्या. घंटा झाली की वर्गाचं दार लोटून घ्यायच्या. उशिरा आलेल्याला आत यायला मिळायचं, पण फळ्यावरचं अर्धं गणित त्यालाच सोडवावं लागायचं.

गणितात मागे पडलेल्या आम्हा सात-आठ जणांना त्या शाळा भरायच्या तासभर आधी व्हरांड्यात शिकवायच्या. कच्च्या मुलांचा तास असं त्याला कधी म्हणाल्या नाहीत. "लवकरचा तास" म्हणायच्या. आम्ही त्या तासाला लाजत गेलो नाही, ते त्या नावामुळे.

मी आता हिशेबाचंच काम करतो. आकडे जुळले नाहीत की सगळं खोडत नाही. कुठपर्यंत बरोबर आहे ते आधी बघतो.

बाईंना श्रद्धांजली. त्यांच्या घरच्यांच्या दुःखात आमची तुकडी सहभागी आहे.'

काय काय गेलं ते पाहा : काळाचा घाला, झरा, पिढ्या, पोकळी, यातना, मॅनेजर. 'प्रेमळ' हा शब्दही राहिला नाही. आता 'सर आणि इतिहास'वाली चाचणी पुन्हा करा. ही पोस्ट दुसऱ्या कोणाला लावता येत नाही.

आठवणच नसेल तर?

प्रत्येकाला असा ठिपका सापडेलच असं नाही. काही शिक्षकांनी आपल्याला वर्षभरच शिकवलेलं असतं, काहींशी आपलं जमलेलं नसतं. तेव्हा ओढूनताणून आठवण रचू नये. 'सरांनी आम्हाला नववीत भूगोल शिकवला. सरांना श्रद्धांजली, घरच्यांच्या दुःखात सहभागी आहे,' या दोन ओळी पूर्ण सभ्य आहेत. ज्या शिक्षकाने आपल्याला दुखावलं त्याच्याबद्दल गोड लिहायची सक्ती कोणावर नाही, आणि त्या दिवशी गप्प राहण्यात काही गैर नाही.

आणि बऱ्याचदा आठवण असते, ती फक्त पहिल्या तासाभरात सापडत नाही. श्रद्धांजली त्याच सकाळी टाकायला हवी असा नियम नाही. बातमी घरचे देतात, अंत्यविधीची वेळ घरचे कळवतात. आठवण लिहिणाऱ्याला दोन दिवस थांबता येतं, चार वर्गमित्रांना फोन करता येतो, माळ्यावरची जुनी वही काढून ठिपक्याचा रंग बघता येतो.